इम्रिखच्या झोपेचे गुण

बोझेना म्हातारीला लापशी भरवत असायची तेव्हाच फोन वाजायचा. एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने ती फोन उघडायची. इम्रिखकडून तीन फोटो आलेले असायचे. पहिल्यात झोपेचे शंभरपैकी गुण, दुसऱ्यात रात्रभराच्या नाडीची रेघ, तिसऱ्यात आदल्या दिवशीच्या चालण्याचा गोषवारा. सगळं जर्मनमध्ये. इम्रिखला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो आपला स्क्रीनचा फोटो काढायचा आणि पाठवायचा, शाळेतलं पोर बाईंसमोर वही उघडून उभं राहतं तसा.

आमच्या खेड्यात बायकांचं हे असंच आहे. दोन आठवडे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात कुणाच्या तरी आईची शी-शू काढायची, दोन आठवडे घरी येऊन नवऱ्याची उस्तवार करायची. शनिवारी पहाटे गाडी येते, बायका झोपेतच चढतात. मागे नवरे राहतात. काही सुधारतात, बरेचसे पितात. इम्रिख पिणाऱ्यांतला. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा आणि संध्याकाळी घसा ओला करायचा. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग विचारूच नका. एकदा बोझेना घरी आली तर हा गोठ्याच्या दारात आडवा, आणि शेजारची कोंबडी अंगावर बसलेली. त्या दिवशी ती म्हणाली, "एक तर बाटली, नाहीतर मी. नीट विचार करून सांग. बाटली म्हणालास तर मी रागावणारसुद्धा नाही, फक्त जाईन."

तो म्हणाला, "तू."

"मला कसं कळणार? मी इथे असते कुठे?"

त्यातून ते नाडी आणि झोप मोजणारं घड्याळ आलं. म्हातारीची मुलगी गेरट्राउड, तिने स्वतःला नवं घेतलं आणि जुनं बोझेनाला देऊन टाकलं. देताना अॅपमधलं सगळं समजावलं. बोझेनाची जर्मन स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली, पण गेरट्राउड बोट ठेवून ठेवून सांगत होती. माणसाचं वय टाकायचं, ते दोनशे वीसमधून वजा होतं, उरेल ती नाडीची कमाल धरायची. तिचे पाच पट्टे पाडलेत. करडा म्हणजे नुसतं अंग हलवणं, निळा म्हणजे आरामात, हिरवा म्हणजे दम लागेल पण बोलता येईल, नारिंगी म्हणजे आता जड जातंय, लाल म्हणजे थांब बाबा. चालून आलं की खाली एक शब्द येतो. निळ्यात चाललास तर 'पाया' येतो, नारिंगीत चाललास तर 'उंबरठा'. बोझेनाला तो शब्द फक्त पुसायचा उंबरठा म्हणून ठाऊक होता. गेरट्राउड हसली आणि म्हणाली, शरीराचा उंबरठा, त्याच्यापलीकडे गेलं की स्नायू भाजायला लागतात.

मग तिने स्वतःच्या झोपेचे गुण दाखवले. "हे बघ, ही शनिवारची रात्र. भावाच्या वाढदिवसाला वाइन घेतली होती. नाडी वर, गुण खाली, आणि खाली काय आलंय बघ. 'शरीराला विश्रांती मिळाली नाही.' याच्यापासून काही लपत नाही, बोझेना."

बोझेनाने तेवढंच उचललं, आणि घरी जाताच ते इम्रिखच्या मनगटाला बांधलं. याच्यापासून काही लपत नाही.

आणि खरंच लपलं नाही. ईस्टरला इम्रिखने मेहुण्याकडे दोन पेले मारले. सकाळी फोटो आला, ऐंशीच्या घरातले गुण चाळीसवर उतरलेले. बोझेनाने फोन केला. "कुणाकडे?" एवढंच विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तुझं घड्याळ चहाडखोर आहे." आणि कबूल झाला. त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही.

उन्हाळा मात्र सुखाचा गेला, हे मान्य करायलाच हवं. त्यांचं घर गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एकटं. गिरणीतून घरी यायची चढण चांगली तासाभराची. इम्रिख बटण दाबून चढायचा आणि वर येऊन फोटो पाठवायचा. चढणीवरसुद्धा निळा पट्टा. झोपेचे गुण पंचाऐंशी. त्याला त्याची गोडी लागली. "आज काय म्हणतंय ते?" तो विचारायचा. "म्हणतंय, उत्तम," बोझेना सांगायची. "मग तू काय म्हणतेस?" "मीही म्हणते उत्तम." अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण फोनवर त्याचं हसू ऐकू यायचं. लग्नानंतर इतकं गोड ते दोघं कधी बोलले नव्हते.

सप्टेंबरात गुण घसरायला लागले.

आधी सत्तर, मग साठ. बोझेनाने मनाची समजूत घातली, उकाडा असेल. मग एका सकाळी पंचेचाळीस. रात्रभर नाडी ऐंशीच्या आसपास, जी उन्हाळ्यात पंचावन्न असायची. खाली तेच वाक्य, 'शरीराला विश्रांती मिळाली नाही.' आणि तिसरा फोटो, तीच चढण, तोच माणूस, पण पट्टा नारिंगी. खाली 'उंबरठा'. म्हातारी तोंड उघडून लापशीची वाट बघत राहिली.

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे आलूबुखाराचा हंगाम. पिंपात आंबत घातलेली फळं, खाली गावच्या भट्टीवर आळीपाळीने ज्याची त्याची दारू निघते, आणि निघालेली चाखून बघितल्याशिवाय कुणी घरी जात नाही. इम्रिखच्या बागेतही झाडं होतीच, आणि त्याची पिंपंही भरलेली होती. विकायला, म्हणायचा.

"कुणाकडे?" तिने फोनवर विचारलं.

"काय कुणाकडे?"

"इम्रिख, मी फोटो बघते आहे."

"मी नाही घेतली."

"ईस्टरलाही आधी असंच म्हणाला होतास."

"ईस्टरला मी काहीच म्हणालो नव्हतो. गप्प बसलो होतो आणि मग खरं सांगितलं होतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण आता ते आठवायला कुणाला वेळ होता? "बोझेना, मी दमतोय गं. चढण चढवत नाही. तुझं घड्याळ बिघडलंय की मीच बिघडलोय, कळत नाही."

"घड्याळ बिघडलेलं नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने ते सिद्धच करून टाकलं. पहिल्याच रात्री त्याच्या मनगटावरून काढून स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि झोपली. सकाळी गुण अठ्ठ्याहत्तर, नाडी साठ. तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "बघ. बिघडलंय का? माझी नाडी बरोबर मोजतं आणि तुझी तेवढी चुकवतं का?"

इम्रिख कॉफीच्या कपाकडे बघत राहिला. तोंडाची चव गेल्यासारखा तो हल्ली अर्धाच कप प्यायचा. चेहरा पिवळट, विजार सैल झालेली. बोझेनाला सगळं दिसत होतं हो. आंधळी थोडीच होती? पण तिने पिणाऱ्या बापाच्या घरात जन्म काढला होता. पिवळा चेहरा, अन्न नको, दम लागतो, याचा अर्थ तिच्या घरात एकच होता.

"मग मी काय करू?" तो म्हणाला. "तू सांग. काय केलं म्हणजे तुला पटेल?"

"खरं सांग."

"तेच सांगतोय."

"मग नको सांगूस."

त्याच आठवड्यात भट्टीवर त्यांची पाळी होती. इम्रिख हातगाडीवर पिंप घेऊन खाली गेला आणि बोझेना त्याच्या मागोमाग गेली. आत चार-पाच बाप्ये बाकावर बसलेले, मध्ये तांब्याचा हंडा, आणि भट्टीवाला वेंडेलीन नळीच्या तोंडाशी पेला धरून. बोझेना दारातच उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वेंडेलीन, खरं सांग. हा इथे येऊन किती पितो?"

वेंडेलीन गोंधळला. "इम्रिख? तो तर वासालासुद्धा उभा राहत नाही गं. पिंप ठेवतो आणि बाहेर जाऊन बसतो."

"तुम्ही बाप्ये एकमेकांना सांभाळून घेता, ते मला नवं नाही."

"अगं, खोटं कशाला बोलू? मला काय बक्षीस मिळणार आहे?"

बाकावरचा एक जण म्हणाला, "इम्रिख, बायकोने पट्टा बांधलाय म्हणे तुला? दाखव की." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "घरी गेलास की शेपूटही हलवतोस का?" पुन्हा हसणं. इम्रिखने बाही खाली ओढून मनगट झाकलं. पिंप उतरवून ठेवायला गेला, तेवढ्यात हात थरथरले आणि ते एका बाजूला कलंडलं. अर्धी फळं जमिनीवर. आता तर बाप्यांना आवरेना. बोझेनाने ते थरथरणारे हात बघितले आणि तिची पक्की खात्री झाली.

घरी जाताना ती पुढे, तो मागे. चढणीवर तो तीनदा बसला. तिसऱ्यांदा वाटेतल्या क्रूसापाशी दगडावर बसला, छातीवर हात ठेवून. ती थोडी वर थांबली होती.

"जरा थांब," तो म्हणाला. "कानात ठोके पडतात."

"दारू उतरायला लागली की पडतात तसे," बोझेना म्हणाली आणि चालू लागली.

हे वाक्य पुढे तिला जन्मभर पुरणार होतं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचं काळीज तुटलं होतं, आणि काळीज तुटलेल्या माणसाच्या तोंडाला धार येते. इतक्या वर्षांनंतर उन्हाळाभर तिला नवरा मिळाला होता आणि तो पुन्हा हातचा गेला होता. त्या रागात ती ऑस्ट्रियाला परत गेली आणि मधल्या सुट्ट्यांतही घरी आली नाही, तिथेच जादा पाळ्या केल्या.

फोटो यायचे थांबले नाहीत. आता त्यांच्यासोबत एक शब्दही नसायचा. गुण चाळीस, अडतीस, चाळीस. चढण नारिंगीतून लालमध्ये. एके दिवशी खाली नवाच शब्द आला, 'अतिश्रम'. खरं तर तो आता चढण चढतच नव्हता, फक्त गोठ्यापर्यंत जाऊन येत होता, आणि तेवढ्याला अॅप हे म्हणत होतं. बोझेनाने उत्तर देणं सोडलं. नाताळलाही घरी न येता म्हातारीकडे जादा पाळी करीन, असं तिने त्याला लिहून टाकलं. त्यावर त्याचं एकच उत्तर आलं, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन फोटो. कशाला पाठवत होता कोण जाणे. कदाचित कधीतरी सकाळी ऐंशी येतील आणि ती फोन करेल, अशी त्याला आशा असेल.

नोव्हेंबरात गेरट्राउड आईला भेटायला आली. केक कापला, कॉफी झाली, आणि बोझेनाने आपलं गाऱ्हाणं मांडलं. नवरा पुन्हा प्यायला लागलाय, हे बघ, तूच शिकवलंस ना. गेरट्राउडने चष्मा लावला आणि दुसरा फोटो मोठा केला. मग आदल्या दिवसाचा. मग त्याच्याआधीचा.

"बोझेना, ही रेघ बघितलीस?"

"बघितली ना. वर आहे."

"वर आहे, पण सपाट आहे. माझी वाइनची रात्र आठवते का? सुरुवातीला नाडी वर होती आणि पहाटेपर्यंत उतरत आली होती. अंगातली दारू कमी होते तशी ती उतरते. याची संध्याकाळी जेवढी, पहाटेही तेवढीच. रोज. आणि दिवसा दहा पावलं चालला की लाल." तिने फोन खाली ठेवला. "याला ताप येतो का? रक्त तपासलंय का कुणी? मी डॉक्टर नाही. पण तुझ्या जागी असते तर मी दारूवर संशय घेतला नसता."

बोझेनाने फोन पुन्हा जवळ ओढला. "तू म्हणाली होतीस की याच्यापासून काही लपत नाही."

"हो," गेरट्राउड म्हणाली. "पण नाडी का वाढली, ते त्याला कुठे कळतं? ते फक्त वाढली एवढंच सांगतं. पुढचं आपणच लावतो."

बोझेनाने तिथूनच फोन लावला. इम्रिखने तो लगेच उचलला, जणू हातातच होता.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

"कशाला?"

"तुला बरं नाहीये, इम्रिख."

"मी पितो ना? अख्ख्या गावाला माहीत आहे. डॉक्टर काय वेगळं सांगणार? पिऊ नको म्हणेल." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दोन महिने मी सांगतोय, दमतोय म्हणून. आज काय झालं? कुणी सांगितलं तुला?"

तिला गेरट्राउडचं नाव घेववलं नाही. पण तिच्या गप्प बसण्यातून त्याला कळलं.

"वाटलंच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो गेला नाही. ती पाळी संपवून आली तेव्हा तो पलंगावरच होता, आणि उठून बसायला त्याला भिंत धरावी लागली. तिने त्याला गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त निम्म्यावर आलं होतं. पोटात कित्येक आठवड्यांपासून आतल्या आत रक्त झिरपत होतं. शौचाला काळं होत होतं, ते त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणाला सांगणार? नळी घालून बघितलं तेव्हा जठरात गाठ निघाली, आणि नंतरच्या तपासणीत यकृतावर डाग दिसले.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि प्रामाणिक होत्या. त्यांनी बोझेनाला बाजूला बसवून सांगितलं की आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. रक्त चढवता येईल, वेदना कमी करता येतील. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "दम लागायला कधीपासून सुरुवात झाली? तुम्ही परदेशात असता ना, तुम्हाला अंदाज नसेल."

बोझेनाने फोन उघडून त्यांच्या हातात दिला.

डॉक्टर बाई एकेक फोटो मागे सारत गेल्या. सारता सारता त्यांचा अंगठा मंदावला. "रक्त कमी झालं की हृदयाला जास्त धावावं लागतं," त्या म्हणाल्या. "झोपेतसुद्धा. इथे सरळ दिसतंय. ही सप्टेंबरातली सुरुवात. तुम्ही हे रोज बघत होतात?"

"रोज."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

बोझेनाने सांगितलं. डॉक्टर बाईंनी फोन परत दिला. तेव्हा आला असता तर वाचला असता का, हे बोझेनाने विचारलं. बाई म्हणाल्या, तसं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. मग लिहिणं पुरं करत म्हणाल्या, पण दोन महिने हे दोन महिनेच असतात, बाई.

वॉर्डात इम्रिख खिडकीकडच्या खाटेवर होता. दुसऱ्याचं रक्त अंगात गेल्यामुळे गालांना जरा रंग आला होता. बोझेना स्टुलावर बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. रुग्णालयात घड्याळ काढून ठेवलं होतं, मनगटावर त्याचा पांढरा वळ होता.

"तू प्यायला नव्हतास," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"आता माहीत आहे."

"इम्रिख, मला माफ कर."

"तुला आताही माझ्यावर विश्वास नाही, बोझेना. डॉक्टर बाईंच्या कागदावर आहे. तेव्हा घड्याळावर होता, आता कागदावर आहे." तो हे भांडायला म्हणत नव्हता, हवापाणी सांगावं तसं सांगत होता. "माझ्या तोंडाकडे बघून एकदा तरी ठेवला असतास, तर मला बरं वाटलं असतं. गाठ काय, ती असायचीच."

ती रडली. त्याने तिला रडू दिलं. हात काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

रविवारी वेंडेलीन भेटायला आला. भट्टीवरचे दोघं बाहेर उभे होते, आत यायला लाजत होते. वेंडेलीनने कोटाच्या आतल्या खिशातून चपटी बाटली काढली. "तुझ्याच पिंपातली आहे," तो म्हणाला. "राहिलेल्या फळांची. छान उतरली. मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आता त्यांना जे हवं ते द्या."

आता त्यांना जे हवं ते द्या, याचा अर्थ तिघांनाही कळला. बोझेना उठली. तिनेच पाण्याचा पेला विसळला, तिनेच बाटलीचं बूच काढलं आणि दोन बोटं ओतली. सबंध आयुष्यात तिने त्याला स्वतःच्या हाताने कधी पेला भरून दिला नव्हता. आलूबुखाराचा वास खाटेवर पसरला. इम्रिखने डोळे मिटून तो आत घेतला. त्याला हवी होती. त्याच्या घशाकडे बघूनच कळत होतं.

"घे," बोझेना म्हणाली. "घे रे. मी सांगते आहे ना."

त्याने पेला हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि बाजूच्या टेबलावर ठेवून दिला.

"नको," तो म्हणाला. "मागाहून तुला कधीतरी वाटेल, तूच बरोबर होतीस."

वेंडेलीनने बाटलीला पुन्हा बूच लावलं. बोझेनाने पेला उचलला, मोरीपाशी नेला आणि ओतून दिला.